पार्सलवर लिहिलेली किंमत आणि विमा: छोट्या विक्रेत्यांचे नेहमीचे प्रश्न

मी जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स दुरुस्त करून विकतो. काही लेन्स किरकोळ किमतीच्या असतात, तर एखादी पूर्ण महिन्याच्या नफ्याएवढी. पार्सलचा विमा या विषयावर नव्या विक्रेत्यांकडून मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदाच इथे लिहून ठेवतो. उदाहरणांत पैसे एसडीआरमध्ये दिले आहेत. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवर ते आधारलेले आहे आणि विमानवाहतुकीच्या भरपाईची मर्यादा त्यातच मोजली जाते. तुमच्या चलनातला त्याचा दर नाणेनिधीच्या संकेतस्थळावर मिळतो.

मी फॉर्मवर किंमत लिहिली. म्हणजे पार्सलचा विमा झाला ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात बुडतात.

पार्सलच्या फॉर्मवर किंमत दोन वेगळ्या कारणांसाठी विचारली जाऊ शकते, आणि विमा ही त्याहून वेगळी तिसरी गोष्ट आहे. विमानाने जाणाऱ्या मालाच्या वेबिलवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदावर, या तिन्हींसाठी स्वतंत्र रकाने असतात. एक वाहतुकीसाठी घोषित मूल्याचा, दुसरा सीमाशुल्कासाठी घोषित मूल्याचा आणि तिसरा विम्याच्या रकमेचा. पहिल्या रकान्यात पुष्कळदा NVD असे लिहिलेले दिसते. याचा अर्थ पाठवणाऱ्याने वाहतुकीसाठी कोणतेही मूल्य घोषित केलेले नाही. कुरिअरच्या ऑनलाइन फॉर्मवर हे रकाने एकमेकांत मिसळलेले असतात. तुम्ही ‘वस्तूची किंमत’ भरता आणि ती फक्त सीमाशुल्काच्या कागदावर जाते. भरपाईच्या हिशेबात तिला काहीच अर्थ नसतो.

ओळखण्याची सोपी खूण अशी: किंमत बदलल्यावर एकूण शुल्क बदलते का ते पाहा. किंमत दहापट करूनही शुल्क जागचे हलले नाही, तर बहुधा ती किंमत फक्त सीमाशुल्कासाठी आहे. पावतीवर ‘घोषित मूल्य शुल्क’ किंवा ‘विमा’ अशी वेगळी ओळ आहे का, तेही बघा. ओळ नसेल तर संरक्षण नाही, असेच धरून चाला.

मग घोषित मूल्य आणि विमा यांत नेमका फरक काय?

घोषित मूल्य हा तुमचा वाहतूकदाराशी झालेला करार असतो. पार्सल वाहतूकदाराच्या ताब्यात असताना नुकसान झाले, तर कराराने त्याची जबाबदारी ठरावीक रकमेपर्यंतच असते. मूल्य घोषित करून जादा शुल्क भरले की ती कमाल रक्कम वाढते. बाकी सगळे तसेच राहते. पॅकिंग कच्चे होते, वस्तूत मुळातच दोष होता, नुकसान युद्धामुळे किंवा सरकारी कारवाईमुळे झाले, असे वाहतूकदाराने दाखवले तर तो हात झटकू शकतो.

विमा हा तिसऱ्या पक्षाशी केलेला करार असतो. त्यात वाहतूकदाराची चूक सिद्ध करावी लागत नाही. पॉलिसीत बसणाऱ्या कारणाने नुकसान झाले, एवढे दाखवले की पुरते. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग हवे तर वाहतूकदाराच्या मागे लागते. पण विम्यालाही अपवाद असतातच. अपुरे पॅकिंग, वस्तूचा अंगचा दोष आणि उशिरामुळे झालेला तोटा हे मालाच्या विम्यात सर्वसाधारणपणे वगळलेले असतात, ‘सर्व जोखमी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसीतसुद्धा.

थोडक्यात, पॅकिंग चुकले तर दोन्हीपैकी कुणीच वाचवत नाही. मला हे कळायला एक लेन्स फुटावी लागली.

जादा काहीच न भरता पाठवले तर हातात किती येईल?

देशांतर्गत पार्सलला वाहतूकदाराच्या अटी लागू होतात. तिथे पार्सलमागे ठरावीक रक्कम किंवा किलोमागे ठरावीक रक्कम असते. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत ‘दायित्व मर्यादा’ या मथळ्याखाली ती सापडते.

विमानाने परदेशी जाणाऱ्या मालाला, दोन्ही देश सदस्य असतील तर, 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. बहुतेक देश त्यात आहेत. त्यात मालाची मर्यादा वजनावर ठरते. सुरुवातीला ती किलोमागे 17 एसडीआर होती. महागाईनुसार ती वेळोवेळी वाढत गेली आणि 28 डिसेंबर 2024 पासून ती 26 एसडीआर आहे.

आता माझी लेन्स घ्या. किंमत 600 एसडीआर, खोक्यासह वजन 1.3 किलो. 26 गुणिले 1.3 म्हणजे 33.8 एसडीआर. लेन्स हरवली आणि वाहतूकदाराने चूक पूर्ण मान्य केली, तरी किमतीच्या साधारण अठराव्या हिश्श्याहून जास्त मिळणार नाही. हलकी पण महाग वस्तू विकणाऱ्यांनी हा हिशेब एकदा आपल्या मालावर करून पाहावा. कॅमेरा, घड्याळ, मायक्रोस्कोपचे भाग, हाताने विणलेली शाल, सगळ्यांची गत हीच. उलट जाडजूड, स्वस्त आणि वजनदार माल विकणाऱ्याला हीच मर्यादा पुरून उरते. त्याने घोषित मूल्याचे शुल्क भरणे म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया घालवणे.

यातली एक मेख लक्षात ठेवा. वजन धरले जाते ते नुकसान झालेल्या खोक्याचे. चार खोकी एकाच वेबिलवर पाठवली आणि एक फुटले, तर साधारणपणे त्या एकाचेच वजन धरतात. मात्र त्या एकामुळे उरलेल्या तिघांची किंमतही घसरली असेल, जसे एका संचाचे भाग, तर चौघांचे वजन धरता येते. हे त्या करारातच लिहिलेले आहे, दाव्यात तसे स्पष्ट मांडावे लागते.

पोस्टाने पाठवलेल्या पार्सलची गोष्ट वेगळी. तिथे विमान कंपनी फक्त पोस्ट खात्याला जबाबदार असते, तुम्हाला नाही. तुमचा दावा पोस्टाच्या स्वतःच्या नियमांनुसारच चालतो.

घोषित मूल्य 600 लिहिले, तर 600 मिळतील का?

‘600 पर्यंत’ मिळतील. घोषित मूल्य ही कमाल रक्कम आहे, ठरलेली भरपाई नव्हे. माँट्रियल करारातही हेच आहे. पाठवणाऱ्याने माल सोपवताना मूल्य घोषित केले आणि मागितलेले जादा शुल्क भरले, तर वाहतूकदार त्या रकमेपर्यंत जबाबदार असतो. पण खरे नुकसान त्याहून कमी होते हे तो दाखवू शकतो. म्हणून किंमत फुगवून लिहिण्यात काही हशील नाही. शुल्क फुगलेल्या रकमेवर जाते आणि भरपाई खऱ्या नुकसानीवर येते.

समजा लेन्स पोचली, पण फोकस रिंग अडकली आणि दुरुस्तीला 140 लागतात. मिळतील ते 140, आणि त्यासाठी दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक लागेल.

कमी मूल्य लिहून शुल्क वाचवले तर?

इथे दोन्ही व्यवस्था वेगळ्या वागतात. हे सांभाळून वाचा.

600 च्या लेन्सवर घोषित मूल्य 300 लिहिले आणि दुरुस्ती 140 ची आली, तर वाहतूकदाराची कमाल मर्यादा 300 असल्यामुळे 140 त्यात बसतात. पूर्ण हरवली तर मात्र 300 वर गाडी थांबते.

विम्यात मात्र बऱ्याच पॉलिसींत प्रमाणाचे कलम असते. वस्तू अर्ध्या किमतीला विमित केली असेल तर प्रत्येक नुकसानीचा अर्धाच वाटा मिळतो. म्हणजे 600 च्या लेन्सचा विमा 300 चा, दुरुस्ती 140 ची, हातात येतात 70. ‘मी 300 चा विमा घेतला होता, नुकसान तर 140 चेच आहे’ ही तक्रार चालत नाही. पॉलिसीत ‘प्रमाणात’ किंवा ‘अल्पविमा’ असा शब्द आहे का, ते दावा करायच्या आधी नव्हे, विकत घ्यायच्या आधी पाहा.

सीमाशुल्काच्या कागदावर कमी किंमत आणि विम्याच्या कागदावर जास्त किंमत लिहिणे ही तर सरळ फसवणूक ठरू शकते. दावा करताना बिल मागतात, तेव्हा ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली जातात. ग्राहक ‘भेट म्हणून लिहा’ म्हणाला तरी तसे लिहू नका.

कोणती रक्कम विमित करायची? मला पडलेली किंमत की विक्रीची?

विकलेल्या मालासाठी ग्राहकाला दिलेल्या बिलाची रक्कम धरा, आणि पॉलिसी परवानगी देत असेल तर पाठवणीचा खर्चही. माल हरवला तर तुम्ही ग्राहकाला बिलाची रक्कम परत करता, म्हणून नुकसान तेवढेच असते. व्यापारी मालात बिलाच्या 110 टक्क्यांचा विमा घेण्याची जुनी रीत आहे. वरचे दहा टक्के अपेक्षित नफा आणि किरकोळ खर्च यांसाठी असतात.

पण काही पॉलिसी विक्रीच्या किमतीऐवजी बदली वस्तू घेण्याचा खर्च देतात. तो कमी असेल तर तुमचा नफा त्यांच्या दृष्टीने नुकसान नाही. माझ्यासारखा कुणी भंगारातून लेन्स उचलून दुरुस्त करून विकत असेल, तर खरेदीचे बिल किरकोळ असते आणि त्यावरच बोट ठेवले जाऊ शकते. मी त्यासाठी प्रत्येक लेन्सच्या फाइलमध्ये तशाच लेन्स दुसरीकडे काय किमतीला विकल्या गेल्या याचे दोन-तीन स्क्रीनशॉट ठेवतो. हा कंटाळवाणा उद्योग आहे, पण एकदा उपयोगी पडला आहे.

जादा संरक्षण कधी घ्यावे आणि कधी सोडून द्यावे?

दोन प्रश्नांवर हे ठरते, आणि दोन्ही स्वतंत्रपणे विचारायचे असतात.

पहिला प्रश्न सरासरीचा. समजा संरक्षणाचा दर किमतीच्या 2 टक्के आहे, आणि अनुभवाने दिसते की पाचपैकी चारच दावे मंजूर होतात. 2 भागिले 0.8 म्हणजे 2.5 टक्के. चाळीस पार्सलांमागे एक गेले तरच विमा सरासरीने बरोबरीत सुटतो. तुमची खरी तूट त्याहून कमी असेल तर दीर्घकाळात तुम्ही विमा कंपनीला पैसे देत राहणार. म्हणून आधी स्वतःची नोंद ठेवा. किती पार्सले पाठवली, किती हरवली, किती फुटली आणि त्यातल्या कितींची भरपाई मिळाली. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. प्रत्येकाचा माल, मार्ग आणि पॅकिंग वेगळे असते.

दुसरा प्रश्न घावाचा. सरासरी माझ्या बाजूने असली तरी एकच घाव मला आडवा करतो का? माझी स्वतःची कसोटी अशी: हेच नुकसान एका महिन्यात दोनदा झाले तरी पुढच्या महिन्याचे भाडे आणि पुरवठादाराचे पैसे थांबणार नाहीत, तर विमा नको. थांबणार असतील, तर सरासरीने तोटा असला तरी घ्यावा.

आता माझे वर्ष घ्या. महागड्या लेन्स सोडून सुमारे 400 पार्सले, सरासरी किंमत 40. त्यातली बहुतेक कॅप, फिल्टर, अडॅप्टर असा फुटकळ माल. संरक्षणाचे किमान शुल्क पार्सलमागे 1.5 असते, दर 2 टक्के असला तरी. 400 गुणिले 1.5 म्हणजे 600. वर्षभरात गेली पाच पार्सले. प्रत्येकाला दुसरा नग आणि पुन्हा पाठवण्याचा खर्च मिळून 31 पडतो, एकूण 155. म्हणजे 155 वाचवायला 600 द्यायचे. इथे विमा सोडून दिला, आणि वाचलेल्या 600 पैकी 200 ‘फुटतुटीचा डबा’ म्हणून वेगळे ठेवले. पाच पार्सले त्यातच भागली.

उरलेल्या वीस-पंचवीस महागड्या लेन्स मात्र विमित करतो. 600 च्या लेन्सला शुल्क 12. शंभरात एक जाते असे धरले तर सरासरी नुकसान 6, म्हणजे मी दुप्पट देतो. ते माहीत असूनही देतो, कारण दोन लेन्स एकाच महिन्यात गेल्या तर माझा धंदा अडखळतो.

सगळे विमित करणारे आणि काहीच न करणारे, असे विक्रेते मी पाहिले आहेत. माझ्या मते दोघेही किमतीची रेषा ओढण्याचा कंटाळा करतात. एक रक्कम ठरवा. तिच्या वरचे विमित, खालचे नाही. पार्सल बांधताना पुन्हा विचार करायचा नाही.

विम्यापेक्षा स्वस्त असे काही आहे का?

आहे, आणि बऱ्याचदा तेच आधी करायला हवे. पोचल्याची नोंद झाल्यावर दारातून चोरी झाली, तर वाहतूकदाराच्या हिशेबाने त्याचे काम संपलेले असते. अशा वेळी घोषित मूल्य उपयोगी पडत नाही. बऱ्याच पॉलिसी हेही वगळतात. सहीशिवाय देऊ नये, हा पर्याय बहुधा विम्यापेक्षा स्वस्त असतो आणि हा धोका बऱ्यापैकी कमी करतो.

दुसरे म्हणजे दुहेरी खोके. आतले खोके वस्तूच्या अंगाला बसणारे, बाहेरचे सर्व बाजूंनी पाच-सहा सेंटीमीटर मोठे, आणि मधल्या जागेत हलवल्यावर न सरकणारे भरण. खोके बंद करून जोरात हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर ते पाठवू नका.

ग्राहक म्हणतो, वस्तू फुटून आली. पहिल्या तासात काय करू?

त्याला लगेच सांगा: खोके, भरण, टेप, लेबल काहीही फेकू नका. बहुतेक दावे इथेच मरतात. माझी पहिली फुटलेली लेन्स अशीच गेली. ग्राहकाने खोके रद्दीत दिले, आणि वाहतूकदाराने ‘पॅकिंग तपासता आले नाही’ म्हणून दावा नाकारला. ग्राहकाला पैसे मी माझ्या खिशातून परत केले.

मग त्याच्याकडून फोटो घ्या. न उघडलेल्या खोक्याच्या सहाही बाजू मिळाल्या तर उत्तम, नाहीतर बाहेरचे चेपलेले कोपरे, लेबल, आतले भरण जसे होते तसे, आणि वस्तूचे नुकसान. तुमच्याकडे पाठवण्यापूर्वीचे फोटो असायला हवेत. वस्तू चालू स्थितीत, आतले खोके, भरण, वजनकाट्यावरचे बंद खोके. मी हे चार फोटो ऑर्डर क्रमांकाच्या नावाने ठेवतो, महागड्या पार्सलांसाठीच.

माल घेताना ग्राहकाने सही केली आणि काहीच शेरा लिहिला नाही, तर माल चांगल्या स्थितीत मिळाला असे गृहीत धरले जाते. याउलट सिद्ध करता येते, पण मग भार तुमच्यावर येतो. बाहेरून खोके चेपलेले दिसले तर सहीसोबत तेवढे दोन शब्द लिहायला ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

दाव्याला मुदत किती?

माँट्रियल करारात मालाचे नुकसान झाले असेल तर माल मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते, उशिराबद्दलची तक्रार 21 दिवसांत. ठरलेल्या दिवसानंतर 7 दिवस उलटूनही माल आला नाही, तर तो हरवला असे धरून हक्क बजावता येतो. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची. देशांतर्गत अटींत आणि विमा पॉलिसीत याहून कमी मुदत असू शकते. फोनवर कळवले म्हणून समाधान मानू नका. ईमेल किंवा पोर्टलवरचा तक्रार क्रमांक हवा.

ग्राहकाने परत पाठवताना वस्तू फुटली तर?

जाताना घोषित केलेले मूल्य परतीला लागू होत नाही. परतीचे लेबल तुम्ही काढून दिले असेल तर त्यावर मूल्य आणि विमा तुम्हाला नव्याने भरावे लागतात. ग्राहकाने स्वतः पाठवले तर दावाही बहुधा त्यालाच करावा लागेल. महागड्या वस्तूसाठी परतीच्या अटींत ‘लेबल आम्ही पाठवू’ असे लिहून ठेवा, आणि त्यासोबत पॅकिंगच्या चार ओळी. फुटलेली लेन्स फक्त बबल रॅपमध्ये गुंडाळून कागदी पाकिटात परत आलेली मी पाहिली आहे.

काही मालाला विमा मिळतच नाही, असे का म्हणतात?

रोख, दागिने, पुरातन वस्तू, मौल्यवान धातू, नाशवंत माल यांना बऱ्याच ठिकाणी संरक्षण नसते किंवा फार कमी रकमेची मर्यादा असते. काही ठिकाणी शुल्क घेतले जाते आणि दाव्याच्या वेळी वगळलेल्या मालाची यादी दाखवली जाते. वापरलेल्या वस्तूंसाठी फक्त पूर्ण हरवल्यासच भरपाई, अशीही अट दिसते. माझ्या धंद्यात याच ओळीने घात केला असता, म्हणून विमा घेण्यापूर्वी मी एकदा लेखी विचारले होते: ‘दुरुस्त केलेली, वापरलेली काचेची लेन्स आतून फुटली तर भरपाई मिळते का?’ उत्तर ‘नाही’ आले. मग दुसरी पॉलिसी घेतली. पहिल्या पॉलिसीत मी वर्षभर 12 प्रमाणे भरत राहिलो असतो.